पुण्यात गेलं की बरं, घरी आलं की पुन्हा

डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून सासरी, दापोली तालुक्यात राहायला आलो. दोन-अडीच महिन्यांनी त्याच्या पायांवर, मग हातांवर आणि कमरेला खाजरे फोड यायला लागले. एक बसतो तोवर चार नवे. पहिल्या डॉक्टरांनी खरूज म्हणून मलम दिलं, सगळ्या घराने दोनदा लावलं, उपयोग नाही. दुसऱ्यांनी इसब सांगितलं. त्यांची ट्यूब लावली की बसतं, सोडली की परत. सासूबाई म्हणतात पित्त आहे, म्हणून मासे, अंडी, काजू बंद केलेत. शेजारीच झोपणाऱ्या जावेच्या नऊ वर्षांच्या मुलीला एक फोड नाही. मे महिन्यात पंधरा दिवस माहेरी गेलो, तर नवा एकही आला नाही. आईने गुपचूप सुरमईसुद्धा खाऊ घातली. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी नवे आलेच, वर सुकलेले जुनेही पुन्हा फुगले. घरात मांजर आहे, पण गरीब आहे, कोणाला ओरबाडत नाही. हे नक्की आहे तरी काय?
— एक आई, तालुका दापोली

ताई, मांजराला तुम्ही आधीच निर्दोष ठरवून टाकलंत हे वाचून मला हसू आलं. ते ओरबाडत नाही हे खरं असेल. पण त्याच्या अंगावरून जमिनीवर उतरणाऱ्या पिसवांना कोणी विचारलंय का? मूल समोर नसताना छातीठोकपणे बोलू नये हे मला कळतं. तरीही तुमच्या पत्रावरून माझा दाट संशय असा, की ही ना खरूज, ना इसब, ना पित्त. हे कीटक चावल्याची ॲलर्जी आहे. पुस्तकात तिचं नाव पॅप्युलर अर्टिकेरिया. मराठीत तिला रुळलेलं नाव नाही आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. ज्याला नाव नाही त्याला जवळपासचं कुठलंतरी नाव चिकटतं, आणि मग त्या नावाचं औषध सुरू होतं. तुमच्याकडे तर तीन नावं आणि तीन उपचार होऊन गेले.

ॲलर्जी म्हटलं की लोकांना खाणं आठवतं, म्हणून थोडं फोडून सांगते. पिसू, डास किंवा ढेकूण चावतो तेव्हा आपली लाळ कातडीत सोडतो. त्रास होतो तो त्या लाळेचा. पहिल्यांदा चावलं तर शरीराला ती ओळखीचीच नसते, म्हणून काही होत नाही. चावे साठत गेले की शरीर ती ओळखायला शिकतं आणि मग प्रत्येक चाव्यावर तुटून पडतं. केनेथ मेलनबी नावाच्या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ साली डासांच्या चाव्यांबाबत याच्या पायऱ्या मांडल्या. आधी काहीच नाही. मग दुसऱ्या दिवशी उठणारा कडक फोड. त्यानंतर लगेचची गांधी आणि दुसऱ्या दिवशीचा फोड, दोन्ही. पुढे नुसती लगेचची गांधी. शेवटी, पुष्कळ चावे खाऊन झाल्यावर, पुन्हा काहीच नाही.

आता तुमचं घर या पायऱ्यांवर बसवून बघा. तुमच्या जावेची मुलगी तिथेच जन्मली, वाढली. ती बहुधा शेवटच्या पायरीवर पोचली आहे. तिलाही चावतं, पण तिची कातडी आता दाद देत नाही. घरातली मोठी माणसंही तशीच. तुमचा मुलगा पुण्याहून कोरी पाटी घेऊन आला, दोन-अडीच महिन्यांत त्याच्या शरीराने शिकून घेतलं, आणि आता तो मधल्या, सगळ्यांत त्रासाच्या पायरीवर उभा आहे. म्हणून एकाच अंथरुणावरच्या दोन मुलांत एक खाजवतं आणि दुसरं निवांत झोपतं. “कीटक असते तर सगळ्यांना चावले नसते का?” हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आजी विचारते. चावतात सगळ्यांनाच, आजी. फोड एकालाच येतात.

सुकलेले फोड पुन्हा फुगणं ही तर या आजाराची खूणच. नवा चावा पायावर पडला की दंडावरचे जुने, आठवड्यांपूर्वीचे फोडही जागे होतात. त्यामुळे आईला वाटतं एका रात्रीत वीस ठिकाणी चावलं. प्रत्यक्षात नवे चावे दोनच असतात, बाकीचे जुने उठलेले.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. आज रात्री दिव्याखाली, टॉर्च घेऊन, मुलाला पूर्ण उघडं करून बघा. फोड कसा आहे याच्याइतकंच तो कुठे आहे आणि कुठे नाही हे बघायचं असतं. चाव्याचा फोड कडक, मसूर ते हरभऱ्याएवढा, आणि ताजा असेल तर मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका. दोन-तीन जवळजवळ, कधी एका ओळीत, कधी त्रिकोणात. लहान मुलांत कधी त्यावर पाण्याची टपोरी पुटकुळीही येते. पोटऱ्या, नडग्या, मांड्या, हातांची बाहेरची बाजू, चड्डीच्या इलॅस्टिकची रेघ या याच्या जागा. तळहात, तळपाय, काखा आणि चड्डीच्या आतला भाग मात्र बहुधा कोरा. मूल पायाचा तळवा खाजवत नसेल आणि त्याची शू-शीची जागा स्वच्छ असेल, तर खरुजेचं पारडं तिथेच हलकं होतं.

पित्ताचा निकाल बॉलपेनने लागतो. चार फोड निवडा, प्रत्येकाभोवती पेनने गोल काढा आणि घड्याळ बघून ठेवा. अंगावर उठलेलं पित्त, म्हणजे खरी गांधी, एका जागी चोवीस तासांहून जास्त सहसा टिकत नाही. इथली विरते, तिथे उठते, मागे डागही ठेवत नाही. उद्या याच वेळी गोल रिकामा दिसला आणि गांधी चार बोटं पलीकडे असली, तर सासूबाई बरोबर. फोड गोलातच ठाण मांडून बसला असेल तर ते पित्त नाही. चाव्याचा फोड दिवसेंदिवस, कधी तीन-चार आठवडेही तसाच राहतो आणि जाताना काळा डाग सोडून जातो. तुमच्या आईच्या सुरमईने तर न विचारता प्रयोग करूनच दाखवला. वाढत्या पोराचे मासे आणि अंडी सहा-सहा महिने बंद ठेवायला याहून मोठं कारण लागतं. ते आजच सुरू करा.

आता खरूज. ती खोडून काढताना मी घाई करत नाही, कारण चुकली तर सगळं घर महिनोन्‌महिने खाजवत बसतं. खरुजेचा किडा कातडीत बीळ करतो. ते बीळ राखाडी, नागमोडी, काही मिलिमीटरची रेघ म्हणून दिसतं. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेच्या कडेला, बेंबीभोवती शोधा. मुलग्यांच्या शूच्या जागी आणि अंडकोषावर कडक खाजऱ्या गाठी दिसल्या, तर मी दुसरा विचार न करता खरूज म्हणते. तान्ह्या बाळात ती तळहात-तळपायांवर आणि डोक्यावरही येते. शिवाय खरूज घर बघत नाही, माणूस बघते. ती मुलाबरोबर एसटीत बसून पुण्याला गेली असती आणि पंधरा दिवस तिथेही खाजवत राहिली असती.

इथे एक फसवी गोष्ट आहे. “घरात दुसऱ्या कोणाला खाज नाही, म्हणजे खरूज नाही” असं पहिल्या महिन्यात म्हणता येत नाही. याच मेलनबीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफिल्डमध्ये स्वयंसेवकांवर खरुजेचे प्रयोग केले होते. पहिल्यांदा लागण झालेल्यांना खाज सुटायला साधारण महिना लागला. तेवढे दिवस किडा अंगावर असतो आणि माणसाला पत्ता नसतो. पण तुमच्याकडे सहा महिने उलटले. एका गादीवर झोपणारी बहीण इतके दिवस खरुजेतून सुटणं कठीण.

दुसरी फसवी गोष्ट मलमाची. परमेथ्रिन लावून खाज राहिली एवढ्यावरून खरूज नव्हती असं ठरत नाही, कारण बरेच जण ते फक्त फोडांवर लावतात. ते मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, बेचक्या, बेंबी, ढुंगणाची घळ यांसकट, रात्रीत आठ ते चौदा तास ठेवायचं असतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्याने पुन्हा. हात धुतले तर हातांना परत. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टर डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायला सांगतात. किडे मेल्यावरसुद्धा खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तुम्ही असंच लावलं असेल आणि त्यानंतर दीड महिन्याने नवे फोड येत असतील, तर तिसऱ्यांदा लावू नका. खरूज नसलेल्या कातडीवर ते नुसतं चुरचुरतं.

इसब ओळखायला कातडीवरून हात फिरवा. इसबात कातडी फोडांच्या मधल्या जागेतही कोरडी, खरखरीत लागते. त्याचे सुटे फोड नसतात, चट्टे असतात, आणि त्यांची कड कुठे संपते ते नीट सांगता येत नाही. या वयात कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मनगटावर, मानेला. बहुतेकदा सुरुवात दुसऱ्या वाढदिवसाच्या आधी झालेली असते आणि घरात कोणालातरी दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असते. इसब असलेल्या मुलालाही पिसवा चावतातच, त्यामुळे दोन्ही एकत्रही सापडतात. तुमच्या मुलाचे फोड सुटे आणि मधली कातडी मऊ असेल, तर इसब बाजूला ठेवा. ट्यूबने बसतं हा काही पुरावा नाही. स्टेरॉइडची ट्यूब चाव्याला, इसबाला, पित्ताला सगळ्यांनाच थोडा वेळ गप्प करते. खरुजेलासुद्धा, आणि ते सगळ्यांत वाईट, कारण खाज दबते आणि किडे वाढत राहतात.

हे झालं मुलाच्या अंगावरचं. आता घर बघू, कारण फोड मुलाच्या अंगावर असले तरी आजार घरात आहे.

तीनेक वर्षांपूर्वी गुहागरकडची एक पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. तिचे फोड फक्त पोटऱ्यांच्या मागे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. नडग्या स्वच्छ. डासांनी पुढचे पाय सोडून मागचेच का धरावेत? मी तिला विचारलं, तू दिवसभर बसतेस कुठे? ती म्हणाली, “पडवीत, गोणपाटावर. मोती पण तिथेच बसतो.” मोती म्हणजे कुत्रा. दुपारी तो त्याच गोणपाटावर झोपायचा, संध्याकाळी ती फ्रॉक घालून पाय पसरून तिथेच अभ्यासाला बसायची. वडिलांनी गोणपाट जाळलं, मोतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, पडवीचा कोपरा खरवडून काढला. पुढचे तीन आठवडे दोन-चार फोड येतच राहिले, मग थांबले. आई-वडिलांचा धीर सुटतो तो नेमका त्या तीन आठवड्यांत. ते का लागतात ते पिसूच्या जन्मात आहे.

मोठी पिसू जनावराच्या अंगावर राहते, पण तिची अंडी केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपतं तिथे ती मिठाच्या कणांसारखी गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेडाला भितात आणि फटीत, गोधडीच्या शिवणीत, सारवणाच्या भेगांत, पेटाऱ्याखाली शिरतात. मोठ्या पिसवांची वाळलेल्या रक्ताची विष्ठा हे त्यांचं खाणं. मग त्या कोष करतात. कोषातली पिसू तयार होऊनही आठवडेच काय, महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातली हवा लागली की बाहेर पडते आणि उडी मारते. मुंबईचे चाकरमानी गणपतीला बंद घर उघडतात आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे पाय फोडांनी भरतात, ते याच्यामुळे. घर रिकामं होतं, पण कोष भरलेले होते. अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्यात त्या सुकून मरतात. आपल्या पावसाळ्याहून त्यांना आणखी काय हवं?

पिसू वीतभर उडते. म्हणून उभ्या माणसाला ती घोट्याशी चावते, आणि जमिनीवर लोळणाऱ्या, खाली गोधडीवर झोपणाऱ्या पोराला कुठेही. डासांचे चावे उघड्या भागांवर, चेहऱ्यावरही येतात, आणि संध्याकाळी अंगणात खेळल्यावर वाढतात. ढेकणांचे सकाळी उठल्यावर दिसतात, मानेला, खांद्याला, ओळीने, आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके सापडतात. तुमच्याकडे पाय, हात आणि कंबर आहे. मी पिसवांवर पैज लावीन, पण डासही असणारच.

पैज जिंकायची की हरायची ते एका कागदावर ठरेल. मांजराला मांडीवर घ्या, बारीक दातांचा उवांचा कंगवा त्याच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा, आणि निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा टिश्यूवर झटका. दोन मिनिटं थांबा. माती असेल तर काळीच राहील. ठिपक्यांभोवती विटकरी-लाल ओघळ पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणखी खात्री हवी असेल तर रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवा, त्यावर वीतभर उंचीवर छोटा दिवा लावा आणि बाकी अंधार करा. वायर पाण्याजवळ येऊ देऊ नका आणि मूल त्या खोलीत झोपवू नका. सकाळी पाण्यात तिळासारखे चपटे किडे दिसतील.

कागद लाल झाला तर सुरुवात मांजरापासून, मुलापासून नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे मानेवर टाकायचं औषध आणा. फिप्रोनिलसारखं, मांजरांना चालणारं. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. मुलासाठी आणलेलं परमेथ्रिन घरात उरलं असेल, किंवा कुत्र्याची पावडर कोणी देऊ केली असेल, तर ती मांजराला लावायची नाही. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं परमेथ्रिन मांजराला झटके आणून मारू शकतं. “किडे मारायचंच औषध आहे ना” म्हणून लावलेल्या मलमाने मांजर गेल्याची गोष्ट मी एकदा ऐकली आहे. पोराने तेव्हापासून बापाशी बोलणं टाकलं होतं म्हणे.

मांजर हाकलून देण्याचा सल्ला शेजारी नक्की देतील. ऐकू नका, निदान औषध लावेपर्यंत तरी नाही. मांजर गेलं की कोषातून निघणाऱ्या उपाशी पिसवांना घरात एकच ऊबदार अंग उरतं, ते माणसाचं.

मग त्याची झोपायची जागा. ते एकाच जुन्या पोत्यावर झोपत असेल तर पोतं जाळा आणि त्या जागी आठवड्याला कढत पाण्यात उकळता येईल असं फडकं टाका. मुलाच्या गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा खूप गरम पाण्यात. एरवी मी कडक उन्हात घाला म्हटलं असतं, पण जुलैत दापोलीत ऊन कुठून आणू? त्या दिवसांत गरम इस्त्री फिरवली तरी चालेल. जमीन, भिंतीच्या कडा, खाटेखालचा, कणगीमागचा भाग रोज झाडा आणि केर लगेच घराबाहेर टाका, कोपऱ्यात जमवू नका. मातीची जमीन असेल तर वरवर सारवून भागत नाही. भेगांत अळ्या तशाच राहतात. भेगा आधी खरवडून, बुजवून मग सारवा. फवारणी करायची झाली तर जाणकाराकडून, मूल आणि मांजर दोघांना बाहेर ठेवून, जमीन पूर्ण वाळेपर्यंत. पण कोषाला फवारा लागत नाही. म्हणूनच सगळं बरोबर करूनही तीन-चार आठवडे, कधी दोन महिने, नव्या पिसवा निघत राहतात. त्यांनी औषध लावलेल्या मांजरावर उडी मारावी आणि मरावं, यासाठीच मांजर घरात हवं. मांजराचं औषध साधारण महिन्याने पुन्हा लावायचं, मधेच सोडायचं नाही.

तोवर मुलाला खाटेवर झोपवा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. संध्याकाळी लांब पँट, आणि पायमोजे घालू दिले तर तेही. डासांचं अंगाला लावायचं मलम या वयाला चालतं, पण हातांच्या पंजांना लावू नका. पंजा तोंडात जातो.

औषधाचं थोडक्यात. ताज्या फोडावर, फक्त फोडावर, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य किंवा मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम मोहरीएवढं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, पाच ते सात दिवस. मग बंद. दुसऱ्या डॉक्टरांची ट्यूब काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात तीन-चार औषधांची नावं असतील आणि एक क्लोबेटासोल असेल, तर ती ट्यूब परत लावू नका. ते फार जहाल स्टेरॉइड आहे. औषधाच्या दुकानात अशा मिसळीच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय हातात पडतात आणि लहान मुलांच्या कातडीला पातळ करून सोडतात. खाजेने झोप उडत असेल तर सेटिरिझिनचं सिरप. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला नेहमीचा डोस रात्री अडीच मिलिग्रॅम, पण बाटलीवरची ताकद तुमच्या डॉक्टरांना दाखवून मापून घ्या. ते खाज कमी करतं, फोड येणं थांबवत नाही. गार पाण्याची घडी आणि कॅलामाइन लोशन यांनाही नावं ठेवू नका, रात्री दोन वाजता तीच कामाला येतात. आमसुलाचं पाणी प्यायला हरकत नाही, पण ओरबाडलेल्या फोडावर चोळलं तर पोर किंचाळेल. कापराचं तेल मुलाच्या आसपास नको, पोटात गेलं तर फिट येते. नखं मात्र दर तीन दिवसांनी कापा. पुढचा सगळा त्रास नखांतून सुरू होतो.

पुढचा त्रास म्हणजे पू. फोडावर मधासारखी पिवळी खपली बसली, भोवतीची कातडी लाल, गरम, दुखरी झाली किंवा ताप आला, तर तो चाव्याचा प्रश्न राहिला नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, प्रतिजैविक लागेल. पिकलेले फोड बरे झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी सकाळी चेहरा किंवा डोळे सुजलेले दिसले, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थांबू नका. कातडीवरच्या काही जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येते. नेहमी घडत नाही, पण पावसाळ्यात मी ते पाहिलं आहे, आणि दरवेळी आई म्हणाली, फोड तर कधीच बरे झाले होते.

काळे डाग काही महिने राहतील. त्यांना लिंबू नको, गोरं करणारी क्रीम तर मुळीच नको. ते आपोआप फिके होतात. फोड किती वर्षं येतील याचं उत्तरही मेलनबीच्या पायऱ्यांवर आहे. बहुतेक मुलं सात ते दहा वर्षांच्या दरम्यान या ॲलर्जीतून बाहेर पडतात, पुतणीसारखी. अधूनमधून पुण्याला नेऊन ती पायरी लवकर येणार नाही, तेवढे दिवस फक्त सुटी मिळेल.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा पेनचे गोल काढलेल्या फोडांचे दोन दिवसांचे फोटो आणि तो लाल ओघळांचा कागद वाळवून घेऊन जा. ताटलीत किडा सापडला तर पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवा. आणि कागद लाल झालाच नाही, मांजर स्वच्छ निघालं, तरी मला कळवा. मग गादीच्या शिवणी उसवून ढेकूण शोधावे लागतील.